बारसे थांबवू नका, गोळीही थांबवू नका

वाचकाचे पत्र

“माझे बाळ चार महिन्यांचे आहे. जन्माच्या वेळी सिस्टरने आधी ‘मुलगा’ म्हटले, मग डॉक्टर म्हणाले, ‘आत्ताच सांगता येत नाही.’ तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतले. नवव्या दिवशी उलट्या होऊन बाळ मलूल पडले, तेव्हा शहरातल्या दवाखान्यात नेले. तिथे सांगितले, की ही मुलगी आहे, तिला किडनीवरच्या ग्रंथीचा आजार आहे आणि गोळ्या जन्मभर लागतील. आता ती छान हसते-खेळते. माझ्या नणंदेच्या सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचाही हाच रिपोर्ट वाढलेला आला होता आणि नंतर नॉर्मल निघाला, म्हणून घरचे म्हणतात, मशीनचीच चूक असेल, गोळ्या बंद करून पाहू. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत. दुसऱ्या महिन्यात त्यांनी मुलगा होण्याचे औषध आणून दिले होते, ते मी घेतले. त्यामुळे असे झाले का? आत्या म्हणतात, दोष माहेरचा आहे. आमचा पहिला मुलगा एकोणिसाव्या दिवशी उलट्यांनी गेला. बारसे अजून केलेले नाही.”
– एक आई, परभणी जिल्हा

उत्तर

ताई, बाकी सगळे नंतर बोलू, आधी एवढे वाचा : गोळ्या एक दिवसही बंद करू नका. ‘बंद करून पाहू’ हा प्रयोग या आजारात करता येत नाही. गोळी थांबवल्यावर पहिले एक-दोन दिवस बाळ कदाचित ठीक दिसेल, त्यामुळे घरच्यांना आपलेच खरे वाटेल, आणि तोपर्यंत तिच्या शरीरातले मीठ लघवीवाटे निघून जाऊ लागलेले असेल. ती आज हसते-खेळते आहे ती त्या गोळ्यांमुळे.

पत्रासोबत तुम्ही रिपोर्टच्या प्रती पाठवल्यात, हे फार चांगले केलेत. तुमच्या घरातला वाद ज्या आकड्यावरून सुरू झाला, तो नीट वाचला तर तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातच सापडतात.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ही ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून पायरीपायरीने तीन प्रकारची संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, तयार करते. आजारपणात, उपासात शरीराला तग धरायला लावणारे कॉर्टिसॉल, शरीरातले मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन, आणि थोडी पुरुषी संप्रेरके. प्रत्येक पायरीला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. तुमच्या मुलीत ‘२१-हायड्रॉक्सिलेज’ नावाचे विकर जवळजवळ नाही. कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन या दोन्हींच्या वाटेवर ते लागते. पुरुषी संप्रेरकांच्या वाटेवर लागत नाही.

तुमच्या भागात जायकवाडीचा डावा कालवा येतो, म्हणून त्याचेच उदाहरण देते. वितरिकेचे दार मध्येच अडकले आहे असे समजा. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही, तो वर तक्रार करतो. वरून आणखी पाणी सोडतात. दार तर बंदच, त्यामुळे पाणी दाराच्या मागे तुंबते आणि वाटेत जी एक चारी उघडी आहे तिच्यातून भलत्याच शेतात शिरते. शरीरातही हेच घडते. कॉर्टिसॉल पोहोचत नाही हे पाहून मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ‘आणखी तयार करा’ असा हुकूम सोडत राहते, अधिवृक्क ग्रंथी त्या हुकमाने वाढते, दारामागे एक कच्चा माल साचतो आणि तो उघड्या चारीतून पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. दारामागे साचलेल्या त्या मालाचे नाव १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, रिपोर्टवर छापलेले १७-ओएचपी. टाचेच्या रक्तातून मोजतात ते हेच. पाणी किती तुंबले आहे यावरून दार अडकले आहे की नाही ते ओळखायचे, अशी ही तपासणी आहे. वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून ती करता येते हे १९७७ साली प्रथम दाखवले गेले.

आता नणंदेच्या बाळाकडे येऊ, कारण घरच्यांचा सगळा भरवसा त्या रिपोर्टवर आहे. त्यांची शंका चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. ही तपासणी खोटी घंटा वाजवते, आणि नवजात बाळांच्या इतर तपासण्यांच्या मानाने जरा जास्तच वाजवते. मात्र ती कधी वाजवते हे ठाऊक असले पाहिजे. जन्मताना प्रत्येक बाळाच्या रक्तात १७-ओएचपी वाढलेलेच असते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत ते झपाट्याने उतरते. म्हणून चोवीस तासांच्या आत रक्त घेतले तर निरोगी बाळही आजारी ठरू शकते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची ग्रंथी अजून कच्ची असते, त्यातून ते काचेच्या पेटीत, श्वासाच्या त्रासात असते, आणि त्याच्या रक्तातली इतर काही स्टेरॉइड्स तपासणीच्या रसायनाला १७-ओएचपीसारखीच भासतात. या सगळ्यामुळे त्याचा आकडा वर जातो. म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळा वजनाप्रमाणे किंवा गर्भाच्या आठवड्यांप्रमाणे वेगवेगळ्या मर्यादा ठेवतात, आणि शंका आल्यास टॅन्डम मास यंत्रावर तोच ठिपका पुन्हा तपासतात. ते यंत्र अशा सारख्या भासणाऱ्या स्टेरॉइड्सना वेगळे काढते.

दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. नणंदेच्या बाळाचे वजन १ किलो ६०० ग्रॅम होते, आकडा ४८ आला, आणि मर्यादा ३० छापलेली होती, जी पुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीची आहे. दोन आठवड्यांनी तो १८ वर उतरला. तुमची मुलगी पुऱ्या दिवसांची, २ किलो ९०० ग्रॅमची, रक्त तिसऱ्या दिवशी, म्हणजे योग्य वेळी घेतलेले, आणि आकडा २१४. निरोगी बाळाचा आकडा दिवसागणिक उतरतो, आजारी बाळाचा चढतो. तुमच्या मुलीचे नवव्या दिवशी शिरेतून घेतलेले रक्त पाहा : तिथे १७-ओएचपी ३०० च्याही पुढे गेलेले आहे. त्याच कागदावर सोडियम १२२ आहे, जे १३५ च्या वर हवे, पोटॅशियम ७.१ आहे, जे तान्ह्या बाळातही साधारण ६ च्या आत हवे. आणि वजन २ किलो ५०० ग्रॅमवर आलेले आहे. सोडियम उतरलेले आणि पोटॅशियम चढलेले, हे मीठ राखणारे संप्रेरक नसल्याचे चिन्ह आहे. त्या दिवशी ठिपक्याच्या यंत्राचा काही संबंधच नव्हता. वेगळ्या दिवशी, वेगळ्या रक्तातून, वेगळ्या यंत्राने तेच सांगितले. एकटा आकडा चुकू शकतो. या चार गोष्टी एकाच दिशेने एकाच वेळी चुकत नाहीत.

(ज्या वाचकांच्या बाळाची ही तपासणी व्हायची आहे त्यांनी एवढे पाहावे. कार्डावरची छापील वर्तुळे रक्ताने पूर्ण भरून मागच्या बाजूलाही उमटलेली असावीत, आणि कार्ड सावलीत आडवे ठेवून तीन-चार तास वाळवलेले असावे. आपल्याकडच्या मे महिन्यात ते खिडकीत उन्हाला ठेवलेले मी पाहिले आहे, तसे करू देऊ नये. रक्त केव्हा घेतले तो तास कार्डावर लिहिलेला असावा. आणि जन्मापूर्वी फुप्फुसे पिकवण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली असतील तर तेही सांगावे, कारण त्यांनी हा आकडा खोटा कमी येऊ शकतो.)

‘मुलगा की मुलगी’ या प्रश्नाने तुम्हाला सर्वांत जास्त रडवले असणार, म्हणून तिथे थोडे थांबते. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतो तेव्हा मुलगा आणि मुलगी बाहेरून अगदी सारखे असतात : एक लहानसा उंचवटा, आणि त्याच्या दोन बाजूंना घड्या. साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात पुरुषी संप्रेरके मिळाली तर उंचवट्याचे शिश्न होते आणि घड्या जुळून वृषणाची पिशवी होते. मिळाली नाहीत तर उंचवटा लहान राहून त्याची शिश्निका होते आणि घड्यांचे भगोष्ठ होतात. तुमच्या मुलीची अधिवृक्क ग्रंथी नेमकी याच आठवड्यांत काम करू लागली, दार अडकलेले असल्याने चारी भरून वाहिली, आणि पुरुषी संप्रेरके त्या कोवळ्या भागापर्यंत पोहोचली. म्हणून उंचवटा वाढला, घड्या काही भाग जुळल्या, आणि सिस्टरला ‘मुलगा’ वाटला. तिची चूक धरू नका. अशा वेळी पहिल्या नजरेला फसणे साहजिक आहे. ‘आत्ताच सांगता येत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी मात्र तुमच्यावर उपकार केले. अशा बाळाच्या पिशवीसारख्या भागात हाताला गोळी लागत नाही, म्हणजे वृषण सापडत नाहीत, हे त्यांनी पाहिले असणार, आणि तिथूनच पुढचा शोध सुरू झाला.

बाहेर असे घडले तरी आत काही बिघडलेले नाही. गर्भाशयाचा मूळ भाग सुरुवातीला मुलग्यातही असतो. तो नाहीसा करणारे संप्रेरक वेगळे आहे आणि ते फक्त वृषणातून येते. तुमच्या मुलीला वृषण नाहीत, अंडाशय आहेत, त्यामुळे तो संदेश कधी गेलाच नाही. सोनोग्राफीच्या कागदावर गर्भाशय व्यवस्थित दिसल्याचे लिहिले आहे आणि गुणसूत्रांच्या रिपोर्टवर 46,XX, म्हणजे मुलीची गुणसूत्रे, असे आहे. ती मुलगी आहे, ‘अर्धी’ काही नाही. उपचार नीट चालले तर पुढे तिला पाळी येऊ शकते आणि आई होण्याची वाटही खुली राहते.

बारसे करा. जन्मनोंदणीत नाव वर्षभराच्या आत विनाशुल्क घालता येते. नोंदीत चुकून ‘पुरुष’ लिहिले गेले असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. आणि एक कळकळीची विनंती : पाहायला येणाऱ्या बायकांना दुपटे उघडून दाखवणे आजपासून बंद. त्या बाहेरच्या भागाच्या शस्त्रक्रियेची कोणी घाई करत असेल तर तीही करू नका. लघवीला अडथळा नसेल तर ती तातडीची गोष्ट नसते. गोळ्यांनी त्या भागाची जास्तीची वाढ थांबते आणि वाढलेला भाग काही प्रमाणात आटोपतोही. शस्त्रक्रिया करावी का, केव्हा, की मुलगी मोठी होऊन तिचे तिलाच सांगता येईपर्यंत थांबावे, हे बालहार्मोनतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक आणि समुपदेशक अशा तिघांशी सावकाश बोलून ठरवायचे असते. माझे स्वतःचे मत थांबण्याकडे झुकते, कारण तिथल्या नाजूक संवेदना एकदा गेल्या की परत आणता येत नाहीत.

ते औषध. तुमच्या मनात ही शंका यावी हे मला समजते, कारण तुम्ही ते दुसऱ्या महिन्यात घेतलेत आणि जडणघडणही त्याच सुमाराची. आईच्या पोटात गेलेल्या पुरुषी संप्रेरकांमुळे मुलीची बाह्यरचना बदलू शकते हे खरे आहे. पण तसे झाले असते तर औषधाचा अंमल जन्मापूर्वीच संपला असता. मुलीच्या स्वतःच्या रक्तात १७-ओएचपी नवव्या दिवशी चढत गेले नसते आणि तिचे मीठही गळले नसते. तिचा आजार त्या पुडीतून आलेला नाही. तरीही ती पुडी पुन्हा कधी घेऊ नका आणि कोणाला घेऊ देऊ नका. मूल मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरते, दुसऱ्या महिन्यात कोणतेही औषध ते बदलत नाही, आणि त्या पुडीत काय असते ते देणाराही सांगत नाही.

राहिला ‘माहेरचा दोष’. हे विकर तयार करण्याची सूचना एका जनुकात असते आणि त्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, त्या माणसाला काहीच त्रास होत नाही, आणि तो वाहक आहे हे आयुष्यभर कळतही नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच बाळ आजारी होते. म्हणजे तुमच्या मुलीला एक प्रत तुमच्याकडून आणि एक तिच्या वडिलांकडून मिळाली आहे. आता आत्या आणि तुमचे वडील हे सख्खे भाऊ-बहीण. तुमच्या आजोबांकडे किंवा आजीकडे असलेली ती एक प्रत आत्यांकडून तुमच्या नवऱ्याकडे आली आणि वडिलांकडून तुमच्याकडे आली, हीच शक्यता सर्वांत मोठी आहे. ज्याला आत्या तुमचे माहेर म्हणतात, ते त्यांचेही माहेर आहे. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची आपल्याकडची रीत अशा दोन प्रतींना एका घरात आणते. नात्यात लग्न न झालेल्या घरांतही हा आजार होतो, फक्त योगायोग कमी वेळा जुळतो. हे मी आत्यांना टोचण्यासाठी लिहीत नाही. त्यांना हा परिच्छेद तुम्ही स्वतः, शांतपणे वाचून दाखवावा असे मला वाटते, कारण नातू गेल्याचे दुःख त्यांनाही आहे.

त्या नातवाबद्दल. त्याचे रक्त आज आपल्याकडे नाही, म्हणून खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. पण या आजाराचा मुलगा जन्मतो तेव्हा बाहेरून अगदी निरोगी दिसतो. पुरुषी संप्रेरके जास्त असली तरी मुलग्यात ती नजरेत भरत नाहीत, फार तर अंडाची पिशवी जास्त काळसर दिसते. मग पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात उलट्या, दूध न ओढणे, वजन उतरणे, आणि घरात सगळे त्याला जुलाब-वांती समजतात. एकोणिसावा दिवस त्यात बसतो. मुलीच्या दिसण्याने तिचा जीव वाचवला. मुलग्याला वाचवणारी गोष्ट टाचेचा तो ठिपकाच असतो, आणि तो तेव्हा घेतला गेला नव्हता. तुम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष केले नव्हते, ताई. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एक लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली तेव्हा सुमारे ५,७६२ बाळांमागे एकाला हा आजार आढळला; तरीही आपल्या बहुतेक प्रसूतिगृहांत ही तपासणी आपणहून होत नाही, मागावी लागते.

पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, मुलगा असो वा मुलगी. म्हणून आधी मुलीची आणि तुम्हा दोघांची जनुक तपासणी करून घ्या, आणि दिवस राहण्यापूर्वी जनुकीय समुपदेशन घ्या. प्रसूतीच्या कागदावर पहिल्या पानावरच ‘आधीच्या बाळाला २१-हायड्रॉक्सिलेजची कमतरता’ असे लिहून घ्या, म्हणजे बाळाची तपासणी तिसऱ्या दिवशी होईल आणि निकाल येईपर्यंत त्याच्या सोडियम-पोटॅशियमवर नजर राहील.

गोळी देण्याबद्दल थोडे, कारण घरोघरी इथेच चुका होताना मी पाहते. हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून तीनदा लागते, कारण त्याचा अंमल काही तासांतच उतरतो. सांगितलेला तुकडा दोन चमच्यांमध्ये चुरडा, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवा आणि लगेच पाजा; सकाळीच दिवसभराचे पाणी करून ठेवू नका, कारण भुकटी तळाशी बसते आणि एका वेळी जास्त, एका वेळी कमी जाते. मीठ राखणारी गोळी, फ्लुड्रोकॉर्टिसोन, वेगळी असते. तिच्याबरोबर तान्ह्या वयात साधे मीठही द्यावे लागते, बहुधा दिवसाला एक ते दोन ग्रॅम, थोडे थोडे करून. तुमच्या मुलीचे नेमके माप डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण ‘एवढ्याशा बाळाला मीठ कशाला’ म्हणून ते पहिल्यांदा बंद होते, आणि आपल्या उन्हाळ्यात घामाने ते आणखी कमी पडते. तालुक्याच्या दुकानात या गोळ्या नेहमी मिळत नाहीत, म्हणून महिनाभराचा साठा घरात जास्तीचा ठेवा.

ताप आला, लस दिल्यावर अंग तापले, तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट करावे लागते. किती आणि किती दिवस, हे आजच कागदावर लिहून घ्या. उलटी होऊन गोळी पोटात टिकत नसेल, किंवा बाळ सुस्त पडले असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यायला सांगा. तान्ह्या बाळाला ते साधारण २५ मिलिग्रॅम देतात. शहर गाठायचे ते इंजेक्शन दिल्यानंतर, आधी नाही. आजाराचे नाव आणि हा डोस लिहिलेली, डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा, आणि तिची एक प्रत तुमच्या आशाताईंकडे द्या.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासाल तेव्हा १७-ओएचपी मर्यादेपेक्षा थोडे वर दिसले तर घरचे पुन्हा म्हणतील, गोळीचा उपयोगच होत नाही. उपचार चालू असताना तो आकडा अगदी नॉर्मल आणायचाच नसतो. तो पूर्ण उतरवण्याइतकी गोळी दिली तर बाळ सुजते आणि तिची उंची खुंटते. फार वर राहू दिला तर पुरुषी संप्रेरके वाढतात, हाडे लवकर पिकतात आणि शेवटी उंची तेव्हाही कमीच राहते. म्हणून त्या कागदाबरोबर तिचे वजन आणि लांबी दर महिन्याला लिहिलेली वही डॉक्टरांपुढे ठेवा, आणि गोळीचा तुकडा लहान-मोठा करायचा तो त्या दोन्हींकडे पाहून त्यांनाच ठरवू द्या.